ओरिजिन खरं बोलला, तरी उत्तर चुकलं: एका आलेखाचं प्रकरण

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर अकरावी-बारावीचे पाच-सहा विद्यार्थी बसतात. मी त्यांना गणित शिकवते. जुलैतल्या एका शनिवारी कळव्याहून येणारी बारावीची एक मुलगी भिजलेल्या दप्तरातून चाचणीचा पेपर काढून माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "मॅडम, पाचपैकी दीड मिळालाय. पण माझा आलेख सुंदर आला होता हो!"

आलेख खरोखर सुंदर होता. पट्टीने ओढलेल्या रेषा, नीट मोजलेलं प्रमाण आणि मधोमध रंगवलेला एक व्यवस्थित चौकोन. तपासणाऱ्याने त्यावर लाल फुली मारली होती, पण का ते लिहिलं नव्हतं. फुलीवरून उत्तर चुकलं एवढंच कळतं. हे उत्तर मात्र वेगवेगळ्या तीन ठिकाणी चुकलं होतं आणि तिन्ही चुका मिळून एक देखणी आकृती तयार झाली होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

प्रश्न असा होता. पुढील असमानतांची एकत्रित उकल आलेखावर दाखवा:

x + y ≤ 9
2x − y < 6
x − 2y ≤ 0
x ≥ 0, y ≥ 0

तिने तिन्ही रेषा बरोबर जागी काढल्या होत्या. पहिली (9, 0) आणि (0, 9) मधून. दुसरी (3, 0) आणि (0, −6) मधून. तिसऱ्या रेषेच्या तक्त्यात आधी दोन्ही रकान्यांत (0, 0) आलं होतं, कारण x = 0 ठेवला की y = 0 आणि y = 0 ठेवला की x = 0. ते खोडून तिने (2, 1) हा दुसरा बिंदू घेतला होता. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेला नुसते अक्षावरचे छेद पुरत नाहीत हे तिचं तिलाच सापडलं होतं. चूक रेषांत नव्हतीच. खरा घोळ रेषा काढून झाल्यावर सुरू होतो: कोणती बाजू रंगवायची आणि रेषा सलग काढायची की तुटक.

तिने रंगवलेल्या चौकोनाचे कोपरे (3, 0), (9, 0), (6, 3) आणि (4, 2) असे होते.

मी पेपर उलटा ठेवला. "तुझ्या रंगवलेल्या भागातला कुठलाही एक बिंदू सांग. काठावरचा नको, चांगला आतला."

"(6, 1)."

"घाल तिन्हींत."

पहिल्यात 7 आले, 9 च्या आत, ठीक. दुसऱ्यात 12 − 1 म्हणजे 11, आणि 11 काही 6 पेक्षा कमी नाही. तिसऱ्यात 6 − 2 म्हणजे 4, तेही 0 पेक्षा जास्त. तीनपैकी दोन ठिकाणी नापास. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पेपर परत सुलटा केला.

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि परीक्षेत ती जवळपास कुणीच करत नाही. उत्तराचा भाग रंगवून झाला की त्यातला एक बिंदू उचलून सगळ्या असमानतांत घालायचा. एकही नापास झाली तर भाग चुकला. त्यावरून चूक झालीय हे नक्की कळतं, कशामुळे झाली ते मात्र कळत नाही. त्यासाठी मुलीशी बोलावं लागतं.

मी विचारलं, "दुसरीत खालची बाजू का रंगवलीस?"

"लेस दॅन आहे ना, मॅडम. लेस दॅन म्हणजे खाली, ग्रेटर दॅन म्हणजे वर."

इथे माझ्यासमोर दोन शक्यता होत्या आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा होता. पहिली अशी की तिने असमानता y साठी मांडली, पण −1 ने गुणताना चिन्ह फिरवायला विसरली. दुसरी अशी की तिने काहीच मांडलं नाही, नुसतं < दिसलं आणि हात खाली गेला. पेपरावर दोन्ही चुका अगदी सारख्या दिसतात. म्हणून कोऱ्या कागदावर तिला एवढंच दिलं: −y < 3. तिने लगेच y > −3 लिहिलं आणि "मायनसने गुणलं की फिरतं" असंही सांगितलं. म्हणजे चिन्ह फिरवणं तिला पक्कं येत होतं. आलेखाच्या प्रश्नात ते करायची गरज आहे, हेच तिला कधी वाटलं नव्हतं.

मग तिची वही चाळली. आधीच्या महिनाभरातली सगळी उदाहरणं x + y ≤ 9, 3x + 2y ≤ 18, x + 4y ≥ 8 अशा साच्यातली होती. प्रत्येक ठिकाणी y च्या आधी अधिक चिन्ह. y चा सहगुणक धन असला की < म्हणजे खाली आणि > म्हणजे वर हा नियम अचूक चालतो. तिने सोडवलेल्या प्रत्येक गणितात तो चालला होता. याला मी आळस म्हणणार नाही. समोर आलेल्या प्रत्येक पुराव्यावरून मूल जो नियम बांधेल, तोच तिने बांधला होता. चूक झाली असेल तर ती उदाहरणं निवडणाऱ्याची, आणि त्यातली निम्मी उदाहरणं माझीच होती.

अशा नियमाला "चूक आहे, सोडून दे" म्हणून काही उपयोग होत नाही. तो जिथे मोडतो ती जागा मुलाच्या डोळ्यांसमोर आणावी लागते. मी शेजारी शेजारी दोन असमानता लिहिल्या: 2x + y < 6 आणि 2x − y < 6. दोन्हींत < आहे आणि उजवीकडे तोच 6. तिला म्हटलं, नियम बाजूला ठेव आणि दोन्ही y साठी मांड. पहिली झाली y < 6 − 2x. दुसरीत आधी −y < 6 − 2x आलं, मग चिन्ह फिरून y > 2x − 6. एकीची खालची बाजू आणि एकीची वरची.

"म्हणजे आधी y एकटा करायचा आणि मगच वर-खाली बघायचं?"

तसं केलं तर चालतं. पण x < 3 आली तर त्यात y च नाही, रेषा उभी असते, आणि वर-खाली या शब्दांना अर्थच उरत नाही. म्हणून बाजू ठरवायला मी मुलांना बिंदू घालून बघण्याची रीत देते. रेषेवर नसलेला कुठलाही बिंदू घ्यायचा आणि असमानतेत घालायचा. विधान खरं आलं तर त्या बिंदूची बाजू, खोटं आलं तर पलीकडची. रेषा उभी असो, आडवी असो, तिरकी असो, रीत तीच.

ही रीत तिला माहीत होती, आणि तरीही तिसऱ्या असमानतेत त्याच रीतीने तिला फसवलं होतं. ती दुसरी चूक. त्याकडे येण्याआधी एक गोष्ट नीट लिहायला हवी, कारण तिने विचारलेला प्रश्न फार चांगला होता: "मॅडम, एकाच बिंदूवरून अख्ख्या बाजूचं कसं ठरवायचं? दुसरा बिंदू वेगळं नाही का बोलणार?"

हा प्रश्न मुलं सहसा विचारत नाहीत. रीत पाठ करतात आणि पुढे जातात. आम्ही y = 2 ही आडवी ओळ धरली आणि तिच्यावरून डावीकडून उजवीकडे चालत 2x − y ची किंमत काढत गेलो. x = 0 ला −2. x = 1 ला 0. मग 2, मग 4. x = 4 ला बरोबर 6. x = 5 ला 8. प्रत्येक पावलाला किंमत 2 ने वाढते आणि 6 ही किंमत एकदाच येते, (4, 2) ला. तो बिंदू रेषेवरच आहे. त्याच्या डावीकडे सगळीकडे 6 पेक्षा कमी, उजवीकडे सगळीकडे 6 पेक्षा जास्त. मग y = 4 ची ओळ धरली. तिथे (5, 4) ला 6 येतो, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. कुठलीही ओळ घ्या, कमीचं जास्त व्हायचं तर वाटेत 6 लागणारच, आणि 6 फक्त रेषेवर भेटतो.

ती कळव्याची असल्यामुळे मला खाडी आठवली. ठाणे शहर साष्टी बेटावर आहे आणि कळवा मुख्य भूमीवर. ट्रेनने या, रिक्षाने या, पाणी ओलांडल्याशिवाय कळव्याहून ठाण्यात येता येत नाही. रेषेच्या एका बाजूला कुठेही फिरा, रेषा ओलांडली नाही तर असमानतेचं खरं-खोटं बदलत नाही. म्हणून त्या बाजूचा एक बिंदू अख्ख्या बाजूचं सांगू शकतो.

"आणि पुलावर थांबलो तर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तो प्रश्न जपून ठेव, सलग-तुटक रेषा आली की लागेल.

आता तिसरी, x − 2y ≤ 0. इथे तिने (0, 0) घातला होता. 0 ≤ 0 आलं. खरं. तिने लिहिलं होतं, "खरं, म्हणून ओरिजिनची बाजू", आणि खालची बाजू रंगवली होती. यातलं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. आरंभबिंदू ही असमानता पाळतो. पण तो रेषेवरच बसलेला आहे, त्यामुळे त्याला बाजूच नाही. "ओरिजिनची बाजू" म्हणजे कोणती हे ठरवायला तिच्याकडे काहीच नव्हतं, आणि ती रिकामी जागा जुन्या नियमाने भरून काढली: ≤ म्हणजे खाली.

ही चूक पकडायला अवघड असते, कारण कागदावर पडताळणी केलेली दिसते. शिक्षकही घाईत "खरं" पाहून पुढे जातो. रेषा आरंभबिंदूतून जाते हे ओळखायची खूण सोपी आहे: असमानतेत x आणि y च्या पदांखेरीज सुटी संख्या नसते, किंवा x आणि y ची पदं एका बाजूला आणल्यावर दुसऱ्या बाजूला नुसता 0 उरतो. अशा वेळी (0, 0) सोडून दुसरा बिंदू घ्यायचा. मी मुलांना अक्षावरचाच घ्यायला सांगते, म्हणजे आकडेमोड कमी. तिने (4, 0) घेतला. 4 − 0 = 4, आणि 4 ≤ 0 खोटं. म्हणजे (4, 0) ची, X-अक्षाकडची बाजू नको, वरची हवी. खात्रीसाठी तिने (0, 5) ही घालून पाहिला: −10 ≤ 0, खरं. दुसऱ्या बिंदूची गरज नव्हती, पण तिला हवा होता, तर घेऊ दिला.

बाजू ठरल्या आणि नवा आलेख काढला. x + y ≤ 9 ची आरंभबिंदूकडची बाजू, 2x − y < 6 चीही आरंभबिंदूकडची बाजू (0 < 6, खरं), x − 2y ≤ 0 ची वरची बाजू, आणि सगळं पहिल्या चरणात. कोपरे आले (0, 0), (4, 2), (5, 4) आणि (0, 9). आधीचा चौकोन उजवीकडे खाली होता, खरा निघाला डावीकडे वर. दोघांत सामाईक म्हणाल तर फक्त (4, 2) हा एक कोपरा, आणि गंमत म्हणजे तोही उकलीत नाही.

इथे तिसरी चूक. चाचणीच्या पेपरात तिने सगळ्या रेषा सलग काढल्या होत्या. विचारल्यावर म्हणाली, "रेषा तर सलगच असते ना? तुटक काढली की चुकून काढल्यासारखी वाटते." आणि पुढे म्हणाली, "बारावीच्या एलपीपीत कधीच तुटक आली नाही." हे तिचं निरीक्षण अचूक होतं. एलपीपी म्हणजे रेषीय नियोजन, दिलेल्या अटींत राहून एखादी किंमत सर्वांत मोठी किंवा लहान करायची. त्या गणितांत अटी नेहमी ≤ किंवा ≥ अशाच दिलेल्या असतात. महिनाभर तीच गणितं केली की हात सलग रेषेला बसतो. अटी तशा का ठेवतात याला कारण आहे, ते पुढे येईल.

मी म्हटलं, आता पुलावर थांबूया. (4, 2) घाल दुसरीत.

"8 वजा 2, सहा. 6 < 6." ती थांबली. "खोटं."

"(3.9, 2)?"

"5.8. खरं."

"(3.99, 2)?"

"5.98. खरं. (3.999, 2) सुद्धा खरं असणार."

उकलीचा भाग रेषेला हवं तितकं जवळ जाऊन भिडतो, पण रेषेवर पाय ठेवत नाही. हे दाखवायला तुटक रेषा असते. सीमा इथेच आहे, पण ती उकलीत धरलेली नाही. सलग रेषा सांगते की सीमा इथेच आहे आणि तीही उकलीत आहे. पुलावर उभा असलेला माणूस 2x − y < 6 ला चालत नाही, 2x − y ≤ 6 ला चालतो. बाजू दोन्हींची तीच, रेषेची जागाही तीच. फरक फक्त रेषेवरच्या बिंदूंचा.

म्हणून मी मुलांना हे दोन निर्णय वेगळे ठेवायला सांगते. रेषा सलग की तुटक हे चिन्हाकडे नुसतं बघून ठरतं, चिन्हाखाली बरोबरीची रेघ आहे का एवढं पाहून. त्यात बिंदू घालायचा नाही, y एकटा करायचा नाही, आणि चिन्ह फिरलं तरी हा निर्णय बदलत नाही: < चं > झालं तरी तुटक ती तुटकच. कोणती बाजू हे मात्र बिंदू घातल्याशिवाय कळत नाही. मुलं दोन्ही एकत्र करायला जातात आणि मग "लेस दॅन म्हणजे तुटक आणि खाली" असं जोडवाक्य पाठ होतं. त्यातला अर्धा भाग नेहमी खरा आणि अर्धा कधीमधी खरा, त्यामुळे ते मनातून काढणं जास्तच कठीण जातं.

तुटक रेषा काढायचीही पद्धत असते. मुलं पट्टी धरून पेन्सिल टेकवतात, उचलतात, टेकवतात, आणि रेषा हलते. मी आधी अगदी फिकट सलग रेषा ओढायला लावते, मग तिच्यावर साधारण चार-पाच मिलिमीटरचे ठळक तुकडे आणि मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा, शेवटी फिकट रेघ पुसायची. ठिपक्या-ठिपक्यांची रेषा काढू नये, आलेख कागदाच्या बारीक चौकटीत ती हरवते. आणि तीन असमानतांचे तीन भाग वेगवेगळे रंगवत बसू नये. तिच्या पेपरात एकाच पेन्सिलीच्या तीन थरांची जाळी झाली होती, सामाईक भाग तिला स्वतःलाही शोधावा लागला होता. प्रत्येक रेषेवर हव्या त्या बाजूला दोन लहान बाण काढले की पुरे. सगळे बाण ज्या भागात आत वळतात तेवढाच रंगवायचा. प्रश्नात मात्र नीट वाचावं: काही परदेशी परीक्षांत नको असलेला भाग रंगवून हवा असलेला कोरा ठेवायला सांगतात. आपल्याकडे उकलीचा भाग रंगवतात.

कोपऱ्यांवर आम्ही बराच वेळ थांबलो, आणि माझ्या मते या गणितातली खरी मजा तिथेच आहे. आकृतीला चार कडा आहेत. Y-अक्षाची कड सलग, कारण x ≥ 0 आहे. (0, 0) पासून (4, 2) पर्यंतची सलग, x − 2y ≤ 0 ची. (4, 2) पासून (5, 4) पर्यंतची तुटक. (5, 4) पासून (0, 9) पर्यंतची पुन्हा सलग. मग (4, 2) या कोपऱ्याचं काय? तो एका सलग आणि एका तुटक रेषेवर एकदमच आहे.

ती म्हणाली, "सलगवर आहे म्हणजे घ्यायचा."

"तिन्हींत घाल."

4 + 2 = 6, 9 च्या आत. 4 − 4 = 0, चालतं. 8 − 2 = 6, आणि 6 < 6 नाही. उकलीत यायला सगळ्या अटी पाळाव्या लागतात. एक जरी मोडली तर बिंदू बाहेर. त्यामुळे तुटक रेषेवरचा प्रत्येक बिंदू बाहेर, मग तो दुसऱ्या कुठल्या सलग रेषेवर का असेना. (5, 4) चंही तेच: 9 ≤ 9 चालतं, पण 10 − 4 = 6 अडतं. या दोन कोपऱ्यांवर आम्ही पोकळ वर्तुळं काढली आणि (0, 0), (0, 9) वर भरीव ठिपके. पाठ्यपुस्तकात पोकळ वर्तुळ प्रत्येक वेळी काढलेलं नसतं, पण मी आग्रह धरते, कारण ते काढताना मुलाला कोपरा तपासावाच लागतो.

मग तिला रेषीय नियोजनाच्या अटींचं कारण सांगितलं. समजा या भागात x ची सर्वांत मोठी किंमत काढायची आहे. भाग उजवीकडे (5, 4) पर्यंत पसरतो, पण तो बिंदू भागात नाही. x = 4.9 मिळतं, 4.99 मिळतं, 4.999 ही मिळतं, 5 मिळत नाही. म्हणजे सर्वांत मोठी अशी किंमतच नाही. कमाल किंमत कोपऱ्यावर सापडते ही जी रीत मुलं वापरतात, तिला तो कोपरा भागात असावा लागतो. म्हणून त्या धड्यात अटींत बरोबरी ठेवतात. तिने "अच्छा" म्हटलं ते इतकं लांबवून की शेजारी बसलेल्या मुलाने वहीतून डोकं वर काढलं.

ती घरी जायला निघाली तेव्हा मी तिला हेच मोबाईलवर Desmos या आलेख काढणाऱ्या ॲपमध्ये टाकून बघायला सांगितलं, एकेका ओळीत एकेक असमानता:

```
x + y <= 9
2x - y < 6
x - 2y <= 0
x >= 0
y >= 0
```

तिथे 2x - y < 6 ची रेषा आपोआप तुटक येते आणि बाकीच्या सलग. सगळे रंग जिथे एकावर एक चढतात तो गडद भाग उत्तराचा. < च्या जागी <= करून पाहिलं की डोळ्यांसमोर तुटकची सलग होते. कोपऱ्यातलं पोकळ वर्तुळ मात्र ते स्वतःहून काढत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. तिने y >= 0 ची ओळ काढून टाकली आणि उत्तराच्या भागाचा आकार जराही बदलला नाही, असं तिने रात्री कळवलं. बरोबर आहे. x ≥ 0 आहे आणि y निदान x च्या निम्मा तरी आहे, मग y ऋण होणारच कसा?

हे सगळं शनिवारी समजलं, पण पुढे टिकतं का हे बघायचं होतं. म्हणून दोन आठवड्यांनी मी तिला आकड्यांचं गणित न देता सांगितलं, घरातलंच एक गणित तू बनव. तिची आई पोळी-भाजीचे डबे देते. पूर्ण डब्यात चार पोळ्या, अर्ध्यात दोन. तिने आईला विचारून अटी आणल्या होत्या: "ऐंशी पोळ्यांच्या वर एका सकाळी होत नाहीत" आणि "पूर्ण डबे अर्ध्यांपेक्षा जास्त हवेत, नाहीतर परवडत नाही."

इथे भाषेकडे फार लक्ष द्यावं लागतं. "ऐंशीच्या वर नाही" म्हणजे ऐंशी चालतात, बरोबरी आत, रेषा सलग. "पेक्षा जास्त" म्हणजे सारखे असून चालत नाही, बरोबरी बाहेर, रेषा तुटक. "किमान", "निदान", "जास्तीत जास्त", "पेक्षा कमी नको" यांत बरोबरी आत असते. "पेक्षा कमी", "पेक्षा जास्त" यांत बाहेर. "पेक्षा कमी" आणि "पेक्षा कमी नको" हे एका शब्दाच्या अंतरावर आहेत, पण त्यांत बाजूही बदलते आणि रेषाही. "ऐंशीच्या आत" मात्र बोलण्यात दोन्ही अर्थांनी येतं. तसा शब्द आला तर बोलणाऱ्याला विचारावं.

पूर्ण डबे x, अर्धे y धरून तिने लिहिलं: 4x + 2y ≤ 80, म्हणजे 2x + y ≤ 40, आणि x > y. पहिली रेषा (20, 0) आणि (0, 40) मधून, सलग. दुसरी x = y, आरंभबिंदूतून जाणारी. मी काही बोलले नाही. तिने (0, 0) कडे पाहिलं, पेन्सिल थांबवली, आणि बाजूला (10, 0) लिहिलं. 10 > 0, खरं. X-अक्षाकडची बाजू. रेषा तुटक काढली, तीही माझ्यासारखी आधी फिकट ओढून.

मग तिला एक अडचण दिसली. तिरकी रेषा सलग रेषेला जिथे छेदते तिथे x आणि y दोन्ही 40/3, म्हणजे तेरा आणि एक तृतीयांश डबा. तसा डबा कुणी देत नाही. इथे रंगवलेला भाग हे अर्धंच उत्तर आहे. खरी उकल म्हणजे त्या भागात येणारे पूर्णांकांचे बिंदू. तिने आलेख कागदाच्या छेदांवर ते मोजायला सुरुवात केली. (13, 12): 38, चालतं. (14, 12): बरोबर 40, सलग रेषेवर, चालतं. (14, 13): 41, बाहेर. (13, 13): पोळ्या 78 लागतात, त्या होतात, पण 13 > 13 नाही, तुटक रेषेवर, बाहेर. सर्वांत जास्त डबे आले चौदा पूर्ण आणि बारा अर्धे मिळून सव्वीस. (13, 13) चेही सव्वीसच होतात आणि त्यात दोन पोळ्या वाचतात, पण तुटक रेषा तो घेऊ देत नाही.

"मॅडम, आई खरंच तेरा-तेराला नाही म्हणेल?"

"मला काय विचारतेस? तिलाच विचार."

तिने तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "आई, तेरा पूर्ण आणि तेरा अर्धे असले तर चालेल?"

"सारखे? चालतील की गं. अर्धे जास्त नकोत म्हणजे झालं. मॅडमना नमस्कार सांग, आणि पाऊस वाढायच्या आत नीघ."

फोन ठेवून तिने x > y मधल्या चिन्हाखाली एक रेघ ओढली. मग पट्टी तिरक्या रेषेवर पुन्हा लावली, तुकड्यांमधल्या मोकळ्या जागा एकेक करून पेन्सिलीने जोडल्या, आणि (13, 13) वर भरीव ठिपका दिला.